लाइन बंद, दोन्ही टोकांना अर्थ, तरी झटका कसा बसतो?

लाइन बंद होती. परमिट घेतलेलं होतं. दोन्ही सबस्टेशनमध्ये तार जमिनीला जोडणारे अर्थ स्विच लावलेले होते. तरीही टॉवरवर जंपर सोडताना लाइनमनला जबर झटका बसला. अशी बातमी वाचली की आपला पहिला तर्क ठरलेला असतो: कुणीतरी मध्येच सप्लाय चालू केला असणार. तसं कधी कधी घडतंही. पण कुणी काहीही चालू केलेलं नसताना, सगळे ब्रेकर उघडे असताना आणि कागदावर सगळं चोख असतानाही त्या तारेत जीव घेण्याइतकी वीज असू शकते. ती येते शेजारून, त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूला चालू असलेल्या सर्किटकडून. लाइनवरची माणसं याला एकाच शब्दात ‘इंडक्शन’ म्हणतात. गोम तिथेच आहे, कारण त्या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एकीचा उपाय दुसरीला पुरत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रसंग घेऊ. 220 केव्हीची 40 किलोमीटरची लाइन. टॉवर एकच, त्याच्या दोन बाजूंना दोन सर्किट. डावं चालू आहे, त्यातून 500 अँपिअर वाहतायत. उजवं बंद करून दोन्ही टोकांना, म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ सबस्टेशनमध्ये, अर्थ केलंय. ‘अ’पासून 15 किलोमीटरवरच्या एका टॉवरवर उजव्या सर्किटचा एक जंपर बदलायचाय. जंपर म्हणजे टॉवरच्या अलीकडची आणि पलीकडची तार जोडणारा, खाली लोंबणारा तारेचाच तुकडा. त्याचा क्लँप तापून खराब झालाय. पुढचे आकडे या प्रसंगापुरते, हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्षात तारांची मांडणी, अंतर आणि लोड यांप्रमाणे ते बदलतात, पण त्यांची जातकुळी हीच असते.

पहिली गोष्ट: न शिवता चढणारं व्होल्टेज

क्षणभर असं धरा की उजवं सर्किट बंद आहे, पण अर्थ कुठेच केलेलं नाही. तार नुसती इन्सुलेटरवर लटकलेली आहे. एका बाजूला तिची चालू शेजारीण, खाली जमीन, आणि मध्ये हवा. दोन धातू आणि मध्ये वीज वाहू न देणारा पदार्थ असला की कपॅसिटर तयार होतो. आपली तार अशा दोन कपॅसिटरच्या मधोमध अडकलेली असते.

एक बारीक रबर आणि एक जाड रबर घ्या आणि दोघांची गाठ मारा. जाड रबराचं टोक जमिनीला बांधा, बारीक रबराचं टोक हातात धरून वरखाली हलवा. गाठही थोडीशी हलेल. हाताइतकी नाही, पण हलेल. हात म्हणजे चालू तार, गाठ म्हणजे आपली बंद तार. चालू तारेवर जमिनीच्या मानाने 127 केव्ही असतात. तिन्ही फेज एकमेकींचा परिणाम बराचसा खोडतात. तरी उरलेल्या परिणामाने आपली गाठ सुमारे 10 केव्हीपर्यंत हलते, असं धरू. दहा हजार व्होल्ट, एका ‘बंद’ तारेवर.

आता या रबरांच्या शेजारी तशाच आणखी जोड्या बांधल्या आणि सगळ्या एकत्र हलवल्या, तर गाठी तेवढ्याच हलतील. मात्र त्या हातात धरून थांबवायला जोर जास्त लागेल. लाइनचंही तसंच आहे. समांतर लांबी 4 किलोमीटर असो की 40, अर्थ नसलेल्या तारेवरचं व्होल्टेज साधारण तेच राहतं. ती जमिनीला जोडल्यावर वाहणारा करंट मात्र लांबीबरोबर वाढतो. आपल्या 40 किलोमीटरला तो साधारण 1 अँपिअर येतो, 4 किलोमीटरला त्याचा दहावा हिस्सा. माणसाला 10 मिलिअँपिअरच्या आसपासच हात सोडवेनासा होतो, आणि 50 च्या पुढचा करंट सेकंदभर टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणजे 4 किलोमीटरची लाइनसुद्धा पुरेशी आहे.

‘हे तर भुताचं व्होल्टेज, त्यात दम नसतो’

हा आक्षेप मी अनुभवी वायरमनकडूनही ऐकलाय, आणि तो हवेतून आलेला नाही. इमारतीच्या वायरिंगमध्ये एखाद्या बंद वायरवर डिजिटल मल्टिमीटर लावला की कधी कधी 60-70 व्होल्ट दिसतात. त्याच वायरवर दिवा लावला तर तो मिणमिणतही नाही. कमी रोध असलेला मीटर लावला तर आकडा शून्यावर येतो. कारण अगदी हेच आहे: शेजारून जाणारी चालू वायर आणि मधला कपॅसिटर. पण दहा मीटर वायरीतून 230 व्होल्टवर जो करंट येतो, तो मिलिअँपिअरचा दहावा हिस्साही नसतो. म्हणून तिथे ते भूत.

टॉवर लाइनवर दहा मीटरच्या जागी किलोमीटर येतात आणि 230 च्या जागी लाखावर व्होल्ट. तत्त्व तेच, पण करंट हजारो पटींनी मोठा. घरातल्या अनुभवावरून टॉवरवरचा अंदाज बांधणं इथेच अंगाशी येतं.

बरं, या पहिल्या गोष्टीचा उपाय सोपा आहे. तार एका ठिकाणी जरी नीट अर्थ केली तरी हे 10 केव्ही कोसळतात. तो 1 अँपिअर 10 ओहमच्या अर्थिंगमधून गेला तर तारेवर उरतात 10 व्होल्ट. म्हणूनच ‘अर्थ केलं म्हणजे लाइन मेली’ हा समज इतका पक्का बसलाय. तो अर्धाच खरा आहे.

दुसरी गोष्ट: तारेच्या लांबीतून मिळणारा रेटा

शेजारच्या सर्किटमधून 500 अँपिअर वाहतायत. त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आहे आणि ते सेकंदाला 50 आवर्तनांनी बदलतंय. या बदलत्या क्षेत्रात आपली तार उभी-आडवी कशीही असती तर फार काही झालं नसतं. पण ती समांतर आहे, किलोमीटरच्या किलोमीटर. त्यामुळे तिच्या प्रत्येक किलोमीटरला थोडा थोडा रेटा मिळतो. इथेही तिन्ही फेज एकमेकींना खोडतात. उरतात किलोमीटरमागे सुमारे 15 व्होल्ट. ऐकायला क्षुल्लक. पण हे रेटे एकापुढे एक जोडले जातात: 40 किलोमीटरला 600 व्होल्ट.

लांब पाइपलाइनमध्ये दर किलोमीटरला एक छोटा पंप बसवलाय असं समजा. पाइपचं एक तोंड टाकीत आणि दुसरं बंद असेल, तर पाणी हलणार नाही, पण बंद तोंडाशी सगळ्या पंपांचा मिळून दाब साचेल. एका टोकाला अर्थ केलेली तार म्हणजे हे. अर्थ केलेल्या टोकाशी काही नाही, दुसऱ्या टोकाशी 600 व्होल्ट. आता दोन्ही तोंडं एकाच टाकीत सोडा. दाब नाहीसा होईल, पण पाणी गोल फिरू लागेल. दोन्ही टोकांना अर्थ केलेल्या तारेत तेच होतं. करंट तारेतून जातो, ‘ब’च्या अर्थिंगमधून जमिनीत उतरतो, जमिनीतून परत ‘अ’ला येतो आणि पुन्हा तारेत. या 40 किलोमीटरच्या फेऱ्याचा एकूण अडथळा सुमारे 29 ओहम धरला, तर 600 व्होल्टला साधारण 20 अँपिअर फिरत राहतात.

लक्षात घ्या, अर्थिंगने हा करंट थांबवलेला नाही. त्याला वाट करून दिलीय ती अर्थिंगनेच. याचा अर्थ अर्थ करू नये असा मुळीच नाही. नाही केलं तर 10 केव्ही आहेतच. अर्थ म्हणजे शून्य असं गृहीत धरून चालत नाही, एवढाच मुद्दा आहे.

‘मग टेस्टरला कळत नाही का?’

नाही, आणि हा या विषयातला सर्वात फसवा भाग आहे. दोन्ही टोकं अर्थ केलेल्या, अखंड तारेत प्रत्येक किलोमीटरला मिळालेला रेटा त्याच किलोमीटरच्या अडथळ्यावर खर्च होतो. त्यामुळे तारेवर जागोजागी जमिनीच्या मानाने व्होल्टेज जवळपास शून्यच असतं. काठीच्या टोकाला लावलेला व्होल्टेज डिटेक्टर गप्प बसतो. तो खोटं बोलत नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा टाँग टेस्टर लावता आला असता तर 20 अँपिअर दिसले असते.

उलट बाजूही आहे. अर्थ करण्याआधी तोच डिटेक्टर इंडक्शनच्या 10 केव्हीवर वाजू शकतो. ‘अरे, ते इंडक्शन आहे, वाजणारच’ अशी एकदा सवय लागली की ज्या दिवशी लाइन खरोखर चालू असेल किंवा माणसं चुकीच्या सर्किटखाली उभी असतील, त्या दिवशीही हेच वाक्य म्हटलं जातं. डिटेक्टर वाजला तर तो कशाने वाजला याचा अंदाज बांधायचा नसतो. कुठलं सर्किट, कुठला आयसोलेटर, कुठला फेज हे परत तपासायचं असतं.

जंपर सुटतो त्या क्षणी

आता आपला लाइनमन टॉवरवर आहे. परमिटवर लिहिलंय: लाइन बंद, दोन्ही टोकांना अर्थ. शब्द न् शब्द खरा आहे. डिटेक्टर गप्प आहे. जंपरला हात लावला तरी काही होत नाही. तो क्लँपचा शेवटचा बोल्ट सोडतो आणि जंपर तारेपासून वेगळा करतो.

त्या क्षणी फिरता करंट तुटतो. आपल्या पाइपला मध्येच चिरलं, आणि पंप सगळे चालूच आहेत. ‘अ’कडची तार आता एकाच टोकाला, 15 किलोमीटरवर, अर्थ केलेली आहे. तिच्या उघड्या टोकाशी 225 व्होल्ट साचतात. ‘ब’कडच्या 25 किलोमीटरच्या तुकड्याच्या टोकाशी साचतात 375, पण उलट्या दिशेने. दोन टोकांमधला फरक पूर्ण 600 व्होल्ट. लाइनमनचा एक हात तारेवर आणि दुसरा सुटलेल्या जंपरवर असेल, तर तो करंट त्याच्या छातीतून जायला बघतो. आधी ठिणगी दिसते, म्हणून माणूस दचकतो. झटका टळला तरी दचकून तोल जाणं हेही उंचावर जीवघेणंच.

दोन्ही टोकांचं अर्थिंग इथे काहीच कामाला आलं नाही. 600 व्होल्टचा हिशोबच त्या अर्थिंगवर उभा आहे.

मग काम कसं करायचं?

पक्षी चालू तारेवर निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. माणसाच्या बाबतीतही प्रश्न ‘तार शून्यावर आहे का’ हा नाही. त्याचे हात, पाय आणि तो टेकलाय ते लोखंड, ही सगळी एकाच पातळीवर आहेत का, हा आहे. म्हणून जंपर सोडण्याआधी त्याच टॉवरवर, जंपरच्या दोन्ही बाजूंच्या तारांना वेगवेगळ्या अर्थिंग केबल लावायच्या आणि दोन्ही केबल टॉवरच्या एकाच जागी, लाइनमन जिथे बसलाय त्या क्रॉसआर्मपाशी, म्हणजे टॉवरच्या आडव्या हातापाशी, आणून जोडायच्या.

आता जंपर सुटला तर काय होतं? ‘अ’कडून येणारे 20 अँपिअर एका केबलने क्रॉसआर्मपाशी येतात आणि दुसऱ्या केबलने ‘ब’कडच्या तारेवर निघून जातात. करंट तुटत नाही, त्याला फक्त वळसा मिळतो. दोन्ही केबल आणि त्यांचे सांधे मिळून रोध 10 मिलिओहम धरला, तर जंपरच्या फटीत उरतात 0.2 व्होल्ट. सहाशेच्या जागी.

आणि हा 0.2 चा आकडा सगळा सांध्यांवर टिकून आहे. टॉवरच्या अँगलवर रंग आहे, गंज आहे, किंवा क्लँप अर्धवट आवळलाय, आणि त्या सांध्यात एक ओहम शिरला, तर 20 अँपिअरचे लगेच 20 व्होल्ट होतात. शेजारच्या सर्किटवर फॉल्ट झाला, म्हणजे एखादी फेज जमिनीला टेकली, तर याहून फार वाईट. अशा फॉल्टचा करंट एकाच फेजमधून जाऊन जमिनीतून परततो, त्यामुळे तिन्ही फेजनी एकमेकींना खोडणं संपतं. 4,000 अँपिअरचा असा फॉल्ट किलोमीटरमागे हजारभर व्होल्टचा रेटा देऊ शकतो. ढोबळ हिशोबाने आपल्या तारेत त्या वेळी 1,400 अँपिअरपर्यंत फिरतील. चांगल्या सांध्यावर ते 14 व्होल्ट, तेही संरक्षण यंत्रणेने फॉल्ट तोडेपर्यंत, म्हणजे बहुधा सेकंदाच्या लहानशा भागापुरते. वाईट सांध्यावर 1,400. क्लँप लावण्याआधी पत्रा खरवडून चकचकीत करायला सांगतात, ते उगाच नाही.

एकच केबल लावली तर चालेल?

घाईत हेच होतं. एक केबल ‘अ’च्या बाजूला लावली जाते, कारण ‘अर्थ तर झालं ना’. जंपर सुटल्यावर ‘ब’कडची तार जमिनीच्या मानाने 375 व्होल्टच्या आसपास मोकळी राहते. आणि ‘ब’च्या सबस्टेशनमध्ये काही कारणाने अर्थ स्विच उघडा असेल तर तीच तार आपल्या पहिल्या गोष्टीकडे, 10 केव्हीकडे, परत जाते.

खालच्या माणसाचंही काही खरं नसतं. ‘अ’कडचा करंट आता ‘ब’कडे जाऊ शकत नाही, म्हणून तो टॉवरमधून जमिनीत उतरतो. पायथ्याचा रोध 10 ओहम असेल तर सुमारे 13 अँपिअर उतरतात आणि सगळा टॉवर लांबच्या जमिनीच्या मानाने 130 व्होल्टवर जातो. वर बसलेल्याला ते जाणवत नाही, तो पक्ष्यासारखा आहे. पण खाली मातीत उभं राहून टॉवरच्या पायाला टेकलेल्या हेल्परचा हात टॉवरवर आणि पाय जमिनीवर असतात. त्या 130 पैकी काही भाग त्याच्या वाट्याला येतो. म्हणून काम चालू असताना पायथ्यापासून दूर राहायचं, आणि सामान वर पाठवायला ओली दोरी किंवा तारेचा दोर वापरायचा नाही.

केबल लावण्या-काढण्याचा क्रम

क्रम नुसता पाठ असेल तर थकव्यात उलटा होतो. कारण माहीत असेल तर सहसा होत नाही. आधी केबलचं टॉवरकडचं टोक आवळायचं, मग दुसरं टोक इन्सुलेटेड काठीने तारेला लावायचं. उलट केलं आणि तारेला आधी जोडलं, तर केबलचं मोकळं टोक तुमच्या हातात आणि तेच टोक तारेच्या व्होल्टेजवर. काढताना त्याच कारणाने उलट: तारेकडचं टोक काठीने आधी, टॉवरकडचं शेवटी. मधल्या काळात टॉवरकडचा क्लँप सैल होऊन निसटला तर तो हाताने उचलून परत लावायचा मोह होतो. तो कधीही करू नये. बाकीचं अर्थ शाबूत आहे की नाही हे तिथे बसून कळत नाही, आणि नसेल तर ती केबल म्हणजे तारच आहे. आधी काठीने तारेकडचं टोक सोडवायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं.

आपल्या कामात नवा जंपर बसला आणि पूर्ण आवळला की करंट पुन्हा त्यातून सरळ वाहू लागतो. मगच दोन केबलपैकी एक काढायची, नंतर दुसरी. दोन्ही सबस्टेशनचे अर्थ स्विच तोवर लावलेलेच हवेत. ते कुणी आधी उघडले असतील तर टॉवरवरची दुसरी केबल हे त्या तारेचं शेवटचं अर्थ असतं. काठीने ती सोडवताना तो 1 अँपिअर तुटतो, निळसर ठिणगी खेचली जाते, आणि पुढच्या क्षणी लाइनमनच्या हातभर अंतरावरची तार परत 10 केव्हीवर असते. म्हणून सबस्टेशनला अर्थ स्विच उघडायला सांगणारा फोन माणसं टॉवरवरून उतरून मोजल्यावरच करायचा असतो.